पिसांचं शटल की नायलॉनचं?

प्रश्न: पुण्यात आम्ही चौघं शनिवार-रविवार सकाळी हौस म्हणून बॅडमिंटन खेळतो. पिसांचं शटल घ्यावं की नायलॉनचं?

नायलॉनचंच घ्या. पिसांचं शटल वेगाने सुटून पटकन मंदावतं, त्यामुळे ड्रॉप छान पडतो. पण नवशिक्याचा फटका बुचाऐवजी पिसांवर बसतो आणि एक पीस मोडलं की ते डगमगतं. डबल्सच्या दोन-तीन गेममध्ये संपतं. नायलॉन हौशी खेळात कित्येक आठवडे टिकतं, म्हणून खर्चाची तुलना डब्याच्या किमतीवरून करूच नका, दर गेममागे करा.

वेग बुचाजवळच्या पट्टीवरून कळतो: हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. पुणे साडेपाचशे मीटरवर, हवा थोडी विरळ, त्यामुळे शटल मुंबईपेक्षा लांब जातं. एरवी निळी चालेल, एप्रिल-मेमध्ये हिरवी. पिसांच्या डब्यावर ७५ ते ७९ असे आकडे असतात, लहान आकडा संथ. इथे ७६ पासून सुरुवात करा.

खात्री करायची तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोर लावून मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर आत पडलं तर वेग बरोबर. जुनं नायलॉन सारखं बाहेर जायला लागलं, तर त्याचा घेर मऊ पडलाय. बदला.