तिरक्या फोटोवरून सातबारा वाचू नका

प्रश्न: चुलत भावाने सातबाऱ्याचा फोटो पाठवलाय. वडिलांच्या नावापुढे क्षेत्र कोरं आहे आणि नावावर रेष असल्यासारखी दिसते. आमचा हिस्सा गेला का?

कोऱ्या रकान्याने काही जात नाही. सामाईक खात्यात सगळी नावं एकाखाली एक येतात आणि क्षेत्र एकदाच, 'सामाईक क्षेत्र' लिहिलेल्या ओळीत छापतात. कुणाचा वाटा किती हे तिथे नसतंच. रेषेचं मात्र नीट बघावं लागेल.

माझ्या आईला याच रेषेवरून मामाने गप्प बसवलं होतं. आम्ही हडपसरला, माहेरची जमीन पुरंदरला. हल्लीच्या सातबाऱ्यात कमी झालेल्या नावावर आडवी रेष मारलेली असते. मामाने व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो वाकडा आणि पुसट, त्यात चौकटीची कड कुठली आणि नाव खोडणारी रेष कुठली तेच कळेना, आणि नजर सरळ उजवीकडे नेली की फेरफार क्रमांक खालच्या नाहीतर वरच्या ओळीतला वाचला जायचा. मामा म्हणाला, बघ ताई, या नंबरने तुझं नाव उडालं, तूच सही केली होतीस. आई बिचारी रडत बसली, सही तर तिने केलीच होती!

मग मी महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, पंधरा रुपये लागतात. रेष होती आजोबांच्या नावावर. त्या नंबरचा फेरफारही काढला तर ती वारस नोंद निघाली. ज्या फेरफाराने आजोबांचं नाव कमी झालं त्यानेच आई आणि मामा दोघांची नावं लागली होती, म्हणून तोच नंबर सगळ्यांपुढे. आईची सही वारस म्हणून घेतलेली, हक्क सोडल्याची नाही. मामाला हे माहीत नव्हतं असं मी आजही मानत नाही.

अजून एक, तो म्हणायचा जमीन आहेच किती, सव्वा एकर. कागदावर होतं 1.20.00. म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळजवळ तीन एकर. एकर 40 आरच्या थोडा वर असतो, हिशोब करून बघा.

तर तुम्ही फेरफार नंबर घ्या आणि तो फेरफार वाचा, नाव कशाने कमी झालं ते त्यातच लिहिलेलं असतं. भाऊ हक्कसोड झालंय म्हणाला तर दस्त क्रमांक मागा, हक्कसोडपत्र नोंदवलेलं लागतं, साध्या कागदावरची सही चालत नाही. बहिणींनी तर हे विचारायलाच हवं, भाऊ काय म्हणेल याची भीड कशाला?

हां, रेष खरंच वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर खाली तुमची नावं लागलीत का बघा. नसतील तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या. आणि सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, वाद पेटलाच तर वकिलाला फेरफार आणि जुने दस्त दाखवा.