डावी बाजू दिसेनाशी झाल्यावर

दादा, स्ट्रोकनंतर डावीकडचं दिसत नाही म्हणून नवीन चष्म्यात पैसे घालू नका. डोळे शाबूत आहेत. मेंदूच्या उजव्या बाजूचा, मागचा पाहणारा भाग दुखावलाय. एकेक डोळा झाकून बघा, दोन्हींत डावीकडचंच गायब असेल.

मीही स्ट्रोकनंतर घरातली प्रत्येक चौकट डाव्या खांद्याने मोजली. थेरपिस्टने एक सवय लावली: पाऊल टाकण्याआधी नजर एका झटक्यात डावीकडे, वाटतं त्याहून लांब न्यायची आणि मग हळूहळू उजवीकडे आणायची. नजर थोडी थोडी सरकवत गेलात, तर खांब दिसायच्या आधी लागतो. आधी घरातल्या पॅसेजमध्ये, मग रिकाम्या गल्लीत सराव करा. तुळशीबाग सगळ्यात शेवटी. बरोबरच्या माणसाला डावीकडून चालू द्या. (आमची ही कायम उजवीकडून चालायची, तिचीही सवय मोडावी लागली.)

वाचताना ओळीची सुरुवात हरवते. डाव्या समासावर लाल पट्टी ठेवा, ती दिसेपर्यंत नजर मागे न्या.

याने गेलेली बाजू परत येत नाही, धडका कमी होतात. मात्र ताटातलं डावीकडचं तसंच राहतंय आणि तुम्हाला पत्ताही नाही, असं घरचे म्हणत असतील तर थेरपिस्टला लगेच सांगा. तो वेगळा त्रास असू शकतो. आणि स्कूटरची किल्ली दृष्टिक्षेत्राची तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत वहिनींकडे.