ऑडिटमधील गैरप्रकाराचा प्रश्न : ऑडिटरने नेमके काय करावे?

«सर, मी सी.ए. फायनलची विद्यार्थिनी असून जालन्यात आर्टिकलशिप करते. ऑडिटिंगच्या पेपरात एखादा गैरप्रकार सांगून ‘ऑडिटरने काय करावे’ असे विचारतात, तेव्हा मला दोन-तीन पर्याय सारखेच योग्य वाटतात आणि प्रामाणिकपणे जो अधिक कडक वाटतो तो मी निवडते. तरीही गुण जातात. माझे कुठे चुकते?»

कडकपणा ही या प्रश्नांची कसोटी नाही. ऑडिटरला कायद्याने कोणाला, किती दिवसांत आणि कोणत्या रूपात कळवायला सांगितले आहे, हे तपासले जाते. तुमच्या परिसरातलेच एक काल्पनिक उदाहरण घेऊन ते पाहू.

समजा, एका खासगी मर्यादित जिनिंग कंपनीचे ऑडिट चालू आहे. एकाच व्यापाऱ्याकडून नऊ वेळा, प्रत्येकी 60 क्विंटल कापूस 7,000 रुपये दराने घेतल्याची बिले आहेत, म्हणजे एकूण 540 क्विंटल आणि 37 लाख 80 हजार रुपये. काटा पावत्या जोडलेल्या आहेत, पण फाटकावरच्या नोंदवहीत त्या दिवशी ती वाहने आलेलीच नाहीत आणि एका पावतीवरचा वाहन क्रमांक दुचाकीचा निघतो. कापसातून 34 टक्के रुई धरली, तर 540 क्विंटलमधून 170 किलोच्या सुमारे 108 गाठी बांधल्या जायला हव्यात, आणि उत्पादनाच्या नोंदीत जवळपास तेवढ्याच गाठी कमी आहेत. पैसे ज्या खात्यात गेले, ते खरेदी अधिकाऱ्याच्या मेहुण्याचे आहे. चार पर्याय असे आहेत: पोलिसांत तक्रार करणे, केंद्र सरकारला कळवणे, व्यवस्थापकीय संचालकांना तोंडी सांगून विषय मिटवणे, आणि दोन दिवसांत संचालक मंडळाला लेखी कळवणे.

इथे चौथा पर्याय बरोबर आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 143(12) मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने कंपनीविरुद्ध केलेल्या फसवणुकीचा विचार आहे. ती रक्कम एक कोटीपेक्षा कमी असेल, तर माहिती झाल्यापासून दोन दिवसांत ऑडिट कमिटीला, आणि ती नसेल तर संचालक मंडळाला कळवायचे असते. त्यात फसवणुकीचे स्वरूप, अंदाजे रक्कम आणि गुंतलेल्या व्यक्ती नमूद कराव्या लागतात, आणि पुढे मंडळाच्या अहवालात तिचा उल्लेख करण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

आता तुमच्या मनातला «कडक» पर्याय पाहा. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची गरज नसताना बाहेर देणे हे सी.ए. कायदा 1949 च्या दुसऱ्या परिशिष्टानुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते. पोलिसांकडे स्वतःहून जाण्याचा पर्याय इथेच गळतो. याउलट, कलम 143(12) नुसार सद्हेतूने केलेले कळवणे हा कर्तव्यभंग मानला जात नाही, असे संरक्षण कलम 143(13) देते. तेव्हा गोपनीयता आणि कळवण्याचे बंधन या दोन्ही गोष्टी एकमेकींना छेदत नाहीत. कायद्याने जो दरवाजा उघडला आहे, तेवढ्यातूनच माहिती बाहेर जाते.

तोच प्रश्न एका तपशिलाने उलटतो. रक्कम एक कोटी किंवा त्याहून अधिक असती, तर दोन दिवसांत मंडळाला कळवून 45 दिवसांत उत्तर मागवायचे, आणि उत्तर मिळाल्यापासून 15 दिवसांत तो अहवाल, मंडळाचे उत्तर आणि स्वतःचे अभिप्राय ADT-4 या फॉर्ममध्ये केंद्र सरकारकडे पाठवायचे. उत्तर आलेच नाही, तरी अहवाल पाठवावाच लागतो. म्हणून प्रश्न वाचताना रक्कम आणि करणाऱ्याचे पद यांखाली आधी रेघ ओढावी. फसवणूक केवळ बाहेरच्या व्यापाऱ्याने केली असेल आणि कंपनीचा कोणीही त्यात नसेल, तर हे कलम लागूच होत नाही. असे प्रश्न मुद्दाम घातले जातात. खुद्द व्यवस्थापकीय संचालकच गुंतलेले असतील, तर एस.ए. 240 नुसार विषय कारभाराची देखरेख करणाऱ्यांपर्यंत न्यावा लागतो, आणि आजवर त्यांनी दिलेल्या लेखी निवेदनांवर कितपत विसंबायचे, याचाही फेरविचार करावा लागतो.

ज्या चुकीकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, ती म्हणजे फसवणूक दिसताच सशर्त अभिप्रायाचा पर्याय निवडणे. अभिप्राय आर्थिक पत्रके चुकीची राहिली की नाही, यावर ठरतो. जिनिंग कंपनीने ती खोटी खरेदी दुरुस्त केली, वसूल होणारी आणि न होणारी रक्कम योग्य दाखवली आणि आवश्यक ते प्रकटन केले, तर या एका कारणाने अभिप्राय सशर्त होणार नाही. तरीही मंडळाला कळवण्याचे बंधन उरतेच, आणि सी.ए.आर.ओ. 2020 कंपनीला लागू असल्यास तिथेही फसवणुकीचा उल्लेख करावा लागतो. राजीनाम्याचेही तसेच आहे: काम सोडल्याने आधीच माहीत झालेल्या फसवणुकीची जबाबदारी संपत नाही, त्यामुळे तो पर्याय सहसा पहिला नसतो.

यापुढे सराव करताना प्रत्येक प्रश्नाची रक्कम एकदा 38 लाखांची आणि एकदा एक कोटी आठ लाखांची करून पाहा, आणि करणारा एकदा खरेदी अधिकारी व एकदा बाहेरचा व्यापारी धरा. उत्तर कुठल्या बदलाने बदलते, हे वहीत लिहून ठेवा.