व्हिक्सचा आकडा काय सांगतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंडिया व्हिक्स १२ आहे, असे म्हणतात तेव्हा निफ्टी १२ टक्के पडेल, असा अर्थ घ्यायचा का? (वाचक, सांगली)

नाही. व्हिक्सला दिशा नसते. राष्ट्रीय शेअर बाजार निफ्टीच्या जवळच्या दोन मासिक एक्स्पायरींमधील ऑप्शनच्या खरेदी-विक्रीच्या बोलींवरून हा आकडा काढतो. पुढील तीस दिवसांत निफ्टी वर किंवा खाली किती हलेल असे ऑप्शनचे खरेदीदार आणि विक्रेते धरून चालले आहेत, हे तो वार्षिक टक्केवारीत सांगतो. महिन्याचा अंदाज हवा असेल तर त्याला वर्षातील महिन्यांच्या संख्येच्या, १२ च्या, वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.५ ने भागावे, आणि एका दिवसाचा हवा असेल तर १६ ने. व्हिक्स १२ असताना महिन्याची अपेक्षित हालचाल सुमारे साडेतीन टक्के आणि दिवसाची पाऊण टक्का येते. तीनपैकी साधारण दोन वेळा बाजार या पट्ट्यात राहील, एवढाच त्यामागचा दावा आहे. तिसऱ्या वेळी तो पट्ट्याबाहेर किती दूर जाईल, हे हा आकडा सांगत नाही.

२०२४ च्या निकालानंतर बाजार सावरेल म्हणून ४ जूनला संध्याकाळी माझ्या मित्राने दूरच्या स्ट्राइकचा कॉल घ्यायचे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी निफ्टी सातशे अंकांनी वर गेला, तरी तो कॉल फारसा वाढला नाही. असे का? (वाचक, ठाणे)

त्या सहा आठवड्यांचा क्रम पाहिला की उत्तर सापडते. २३ एप्रिलला व्हिक्स एका दिवसात जवळपास २० टक्के उतरून १०.२ वर आला होता. तिथून मे अखेरपर्यंत तो २४ च्या वर चढला, आणि याच काळात २३ मे रोजी निफ्टीने २२,९६७ चा तोपर्यंतचा विक्रमी बंद नोंदवला. बाजार वर आणि व्हिक्सही वर, हे अनेकांना विसंगत वाटले. पण निकालाची तारीख सर्वांना ठाऊक होती, तीस दिवसांच्या खिडकीत ती आली होती, आणि त्या दिवशी कोणत्याही बाजूला मोठी उडी पडू शकते हे गृहीत धरून कॉल आणि पुट दोन्हींचे प्रीमियम वाढले होते. म्हणूनच व्हिक्सला केवळ भीतीचा मापक म्हणणे मला अपुरे वाटते. तो विम्याच्या हप्त्यासारखा आहे: धोका ज्या बाजूने येईल ती बाजू माहीत नसली, तरी हप्ता वाढतोच.

३ जूनला मतदानोत्तर चाचण्यांच्या आधारे निफ्टी २३,२६३ वर गेला आणि व्हिक्स २१ च्या आसपास उतरला. ४ जूनला निफ्टी ५.९ टक्के कोसळून २१,८८४ वर बंद झाला. व्हिक्स दिवसभरात ३१ च्या वर जाऊन २६.७ च्या सुमारास स्थिरावला. ५ जूनला निफ्टी २२,६२० वर, म्हणजे ७३६ अंकांनी वर, आणि व्हिक्स १९ च्या खाली.

आता हिशोब करू. तीस दिवसांची एक्स्पायरी आणि सर्व स्ट्राइकला व्हिक्सइतकीच अस्थिरता धरली, तर ४ जूनच्या बंदला २४,००० च्या कॉलची किंमत अंदाजे ९७ अंक येते. दुसऱ्या दिवशी, निफ्टी इतका चढूनही, ती अंदाजे ८३ येते. दिशा बरोबर, तरी तोटा. याउलट २१,९०० चा कॉल साधारण ६७० वरून ९२५ वर जातो, पण व्हिक्स तसाच राहिला असता तर तो ११०० च्या जवळ गेला असता. प्रत्यक्ष बाजारात स्ट्राइकनुसार अस्थिरता बदलते, त्यामुळे पडद्यावरचे भाव यापेक्षा वेगळे असतील. पण दूरच्या स्ट्राइकच्या किमतीत जवळपास सगळा भाग अस्थिरतेचाच असतो, ही गोष्ट बदलत नाही. घटना घडून गेली की तो भाग सर्वांत आधी झडतो. अशा संध्याकाळी तेजीचे मत असेलच, तर जवळचा कॉल घेऊन वरचा कॉल विकणे अधिक योग्य ठरते, कारण फुगलेला प्रीमियम मग एका बाजूला आपल्यालाही मिळतो.

व्हिक्स महिनोन्महिने १२-१३ वर असताना स्ट्रॅडल विकून नियमित उत्पन्न मिळते, असे सांगितले जाते. शांत बाजारात धोका कमी नसतो का? (वाचक, पुणे)

शांत काळात विक्रेत्याला उत्पन्न मिळते ते बाजाराची प्रत्यक्ष हालचाल व्हिक्सने धरलेल्या हालचालीपेक्षा बहुधा कमी असते म्हणून, आणि हा फरक खरा आहे. परंतु व्हिक्स कमी असताना हाती येणारा प्रीमियमही कमी असतो, आणि तोट्याला मात्र मर्यादा नसते.

४ एप्रिल २०२५ च्या शुक्रवारी निफ्टी २२,९०४ वर होता आणि व्हिक्स १३.७६. त्या दिवशी २२,९०० चा साधारण महिन्याभराचा स्ट्रॅडल विकणाऱ्याला वरच्याच पद्धतीने सुमारे ७२० अंक मिळतात. अमेरिकेच्या आयातशुल्कांच्या धक्क्याने सोमवारी, ७ एप्रिलला, निफ्टी ३.२४ टक्के पडून २२,१६१ वर बंद झाला. व्हिक्सने एका दिवसाची हालचाल ०.८६ टक्के धरली होती. त्याच दिवशी व्हिक्स २२.७९ वर पोहोचला. आता तोच स्ट्रॅडल परत घ्यायला सुमारे १२५० अंक लागतात, म्हणजे ५३० अंकांचा तोटा. व्हिक्स जागचा हलला नसता, तर निफ्टीच्या याच घसरणीत तोटा १९० अंकांच्या जवळपास राहिला असता. उरलेले ३४० अंक केवळ अस्थिरतेच्या उसळीने गेले. अनेक विक्रेते निफ्टी कुठे गेला तर तोटा सुरू होतो एवढेच कागदावर मांडतात; ही दुसरी बाजू ते मोजतच नाहीत, आणि मार्जिनची मागणी नेमकी त्याच सकाळी वाढते. स्टॉप लॉस लावला होता, हे उत्तर येथे पुरत नाही, कारण बाजार उघडला तोच खाली.

तेव्हा व्हिक्स कमी असताना विकायचेच असेल, तर दूरचे पुट आणि कॉल घेऊन तोटा बांधून घ्यावा. ते संरक्षण नेमके याच काळात स्वस्त मिळते. त्याबरोबरच गेल्या वीस सत्रांतील दैनंदिन हालचालीचे प्रमाण विचलन काढून १६ ने गुणावे. ते ८ असेल आणि व्हिक्स १२ असेल, तर विक्रीला काही मोबदला आहे. ते ११ वर आले असेल, तर जोखमीची भरपाई जवळजवळ होतच नाही.

व्हिक्स खूप वर गेला की निफ्टी खरेदी करावा, हा नियम कितपत विश्वासार्ह आहे? (वाचक, मडगाव)

पातळी म्हणून फारसा नाही. १२ मार्च २०२० रोजी निफ्टी ८ टक्क्यांहून अधिक पडून ९,५९० वर बंद झाला आणि व्हिक्सने ४० ओलांडले. त्या आकड्यावर खरेदी करणाऱ्याने २३ मार्चच्या ७,६१० च्या बंदपर्यंत आणखी २० टक्के घसरण सोसली, आणि त्यानंतरच्या दिवशी व्हिक्स ८० च्या वर गेला. फ्युचर्समध्ये असलेल्या माणसाला तो काळ तग धरणे शक्यच नव्हते.

पातळीपेक्षा एक खूण मला अधिक उपयोगी वाटते: निफ्टी नवा तळ गाठतो, पण व्हिक्स आपला आधीचा उच्चांक गाठत नाही, म्हणजे संरक्षणासाठीची धावपळ ओसरू लागली आहे. ही खूण २०२० मध्ये मिळाली नाही; तळ आणि व्हिक्सचा उच्चांक जवळजवळ एकत्रच आले. त्यामुळे व्हिक्स उंच असताना मी सौद्याचा आकार ठरवण्यासाठी तो वापरतो. १२ च्या जागी २४ असेल तर दिवसाची अपेक्षित हालचाल दुप्पट, म्हणून लॉट निम्मे आणि स्टॉप लॉसचे अंतर दुप्पट.

साप्ताहिक ऑप्शन घेणाऱ्यांसाठी एवढेच, की व्हिक्स तीस दिवसांचा आहे. एक्स्पायरीला दोन दिवस उरलेल्या ऑप्शनची स्वतःची अस्थिरता त्याहून बरीच वेगळी असू शकते. ऑप्शन चेनमध्ये त्या स्ट्राइकसमोर ती दिलेली असते आणि साप्ताहिक सौद्यासाठी तीच पाहावी.