गिटार बँडमध्ये माऊथ ऑर्गन: पहिली निवड कोणती?

गाणे ई स्केलमध्ये आहे म्हणून तुम्ही ई स्केलचाच माऊथ ऑर्गन घेतलात, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. सूर जुळतात, पण वादन बालगीतासारखे सरळ वाटते. रॉकमधला खरखरीत, ब्लूजकडे झुकणारा रंग हवा असेल, तर दहा छिद्रांचा ए स्केलचा डायटॉनिक, म्हणजे एकाच स्केलचे सूर असलेला माऊथ ऑर्गन घ्या. त्यात दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की ई मिळतो, आणि दोन ते पाच ही छिद्रे ओढून वाजवली की ई सेव्हन या कॉर्डचे सूर मिळतात. शिवाय, रॉकमध्ये जे सूर खाली वाकवायचे, म्हणजे वाजवता वाजवता किंचित उतरवायचे असतात, ते इथे ओढण्याच्या बाजूला येतात. मात्र सूर वाकवण्याची घाई करू नका. आधी एका वेळी एकच छिद्र स्वच्छ वाजू द्या. गाणे जी स्केलमध्ये असेल, तर याच हिशेबाने सी स्केलचा घ्यावा.

दुसरी चूक म्हणजे गाणेभर वाजवत राहणे. गायक आणि गिटार ज्या स्वरपट्ट्यात असतात, तिथेच तुमचाही आवाज असतो. म्हणून गायकाची ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत दोन-तीन सूर पुरेत.

तुमच्या सॅक्सोफोनवादक मित्राची अडचण वेगळी आहे. टेनर सॅक्सोफोनवर गाण्याच्या स्केलपेक्षा एक पूर्ण स्वर वरचे स्केल धरावे लागते, म्हणून गिटारवादकांच्या लाडक्या ई स्केलसाठी त्याला एफ शार्प स्केल वाजवावे लागते, आणि ते सुरुवातीला जड जाते. त्याच्यासाठी एखादे गाणे जी स्केलमध्ये बसवा, म्हणजे त्याला ए स्केल वाजवावे लागेल.