ओळखीचे शब्द आणि हिंदीचा पेपर

"ताई, गेल्या जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून इंदूरला आलो. मुलगी आठवीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता इथे हिंदी माध्यमात नववीला आहे. गणित-विज्ञानाचं ठीक चाललंय, पण सहामाहीत हिंदीला 80 पैकी 41 पडले. बोललेलं तिला सगळं कळतं, मैत्रिणींशी फडाफडा बोलते. मग पेपरातच गुण कुठे जातात? अवघड शब्दांचं एक पुस्तक आणून पाठ करून घेतेय. शिकवणी लावू का?"

उत्तरपत्रिका घेऊन या, एवढंच मी त्यांना फोनवर सांगितलं. रविवारी सकाळी मायलेकी सुदामानगरात माझ्याकडे आल्या. मुलगी टेबलाशी बसली, पण पेपर उघडायला तयार नव्हती. निबंधाच्या पानावर 8 पैकी 2 गुण होते आणि समासात लाल शाईनं एकच शब्द होता : 'विषयांतर'. तिच्या मते हाच निबंध तिनं सगळ्यात चांगला लिहिला होता.

विषय होता 'प्रकृति और हम'. तिनं लिहिलं होतं की रोज व्यायाम करावा, वेळेवर झोपावं, उघड्यावरचं खाऊ नये, प्रकृति चांगली असेल तर अभ्यासात मन लागतं. वाक्यं नेटकी, मुद्दे क्रमानं, अक्षर सुंदर. फक्त हिंदीत प्रकृति म्हणजे निसर्ग. आपण ज्याला प्रकृती म्हणतो त्याला हिंदीत स्वास्थ्य किंवा तबीयत म्हणतात. तिच्या घरी आजीला पत्रात 'प्रकृतीस जपावे' असं लिहितात, त्यामुळे या शब्दावर थांबावं असं तिला वाटायचं काही कारणच नव्हतं. मी तिला निबंधाबद्दल आधी शाबासकी दिली, कारण ती खरोखर तिच्या हक्काची होती. मग अर्थ सांगितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानंतर ती पेपर उलटायला तयार झाली.

मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि लाल खुणा तिलाच मोजायला सांगितल्या. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न : हा शब्द तुला आधी माहीत नव्हता का? एकूण 64 खुणा निघाल्या. त्यांत माहीत नसलेले शब्द होते फक्त 5. बाकी सगळे ओळखीचे, घरात रोज बोलले जाणारे. अवघड शब्दांचं ते पुस्तक मी आईला त्याच दिवशी कपाटात ठेवायला सांगितलं.

निबंधानंतर मोठं नुकसान होतं अपठित गद्यांशात. उतारा साधाच होता. त्यातल्या तीन वाक्यांचा आशय असा : 'बूढ़े किसान ने उठने की चेष्टा की, पर पैरों ने साथ न दिया। बेटा शहर जाकर कर्ज़ की समस्या का समाधान खोजना चाहता था। माँ को इस पर आपत्ति थी।' तिच्या उत्तरांत शेतकरी थट्टा करत होता, मुलाला शहरात जाऊन समाधानानं राहायचं होतं आणि आईवर संकट कोसळलं होतं. तिन्ही उत्तरं चुकली, 6 गुण गेले. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न, समाधान म्हणजे तोडगा, आणि 'किसी बात पर आपत्ति' म्हणजे हरकत.

मी तिला विचारलं, "वाचताना कुठे अडखळलीस का?" ती म्हणाली, "काकू, म्हातारा आजारी असून थट्टा का करतोय, हे मला कळेना. पण शब्द तर येत होता ना." याच जागी थांबायचं असतं. शब्द येतो पण गोष्ट जुळत नाही, अशा वेळी संशय गोष्टीवर घ्यायचा नाही, शब्दावर घ्यायचा. मग त्या शब्दाचे शेजारी बघायचे. मराठीत चेष्टा माणसाची होते, 'त्याची चेष्टा केली'. इथे मात्र चेष्टेच्या आधी 'उठने की' आहे. उठण्याची कुणी थट्टा करत नाही, म्हणजे उठण्याचं दुसरं काहीतरी चाललंय. समाधान मराठीत मिळतं, वाटतं, होतं. इथे ते 'खोजना' आहे, तेही समस्येचं. एवढं पाहिलं की शब्दकोश नसला तरी अर्थ हाताशी येतो.

म्हणून अशा शब्दांची वही करताना मी नुसता अर्थ लिहू देत नाही. 'शिक्षा = शिक्षण' असं लिहिलं की परीक्षेत ते उलटसुलट आठवतं. त्याऐवजी वाक्य लिहायचं : 'गाँव में शिक्षा का प्रसार हुआ, पर चोर को दंड मिला।' तसंच 'यह घर खाली है', 'सारा संसार जानता है', 'तीन दिन का अवकाश दीजिए'. शेवटचं वाक्य सुट्टीच्या अर्जात हमखास लागतं. आपल्याकडे अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा वेळ, हिंदीत सुट्टी. आमच्या इंदूरमध्ये दुकानांच्या आणि सरकारी पाट्याही कामी येतात. दवाखान्यावर 'टीकाकरण' वाचून तिनं आईला विचारलं की इथे टीका कुणावर करतात. त्या दिवशी लसीला हिंदीत टीका म्हणतात हे कायमचं पक्कं झालं.

दुसऱ्या रविवारी ती आली ती उलट्या टोकाला जाऊन. मराठीत आहे असा प्रत्येक शब्द तिनं टाळला होता. सराव-निबंधात सगळीकडे 'बहुत अच्छा', 'बहुत बड़ा', 'बहुत काम'. हे मी बऱ्याच मुलांमध्ये पाहिलंय आणि हे जास्त नुकसान करतं, कारण मराठी मुलांचं खरं भांडवल संस्कृतातून आलेल्या त्या सामाईक शब्दांतच आहे. मी तिला तिच्याच पाठ्यपुस्तकातल्या दहा ओळी दिल्या आणि मराठीत असलेले शब्द अधोरेखित करायला सांगितले. 31 निघाले. अर्थ वेगळा होता एकाचाच. बाकी परिश्रम, परिणाम, निर्णय, आवश्यक, अनुभव, कठिन, सहायता हे सगळे त्याच अर्थाचे. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी सवयीनं कोशिश, मदद, मुश्किल लिहितात, तेही बरोबरच आहे. पण पर्यायवाची विचारले की जल, नीर, गगन, नयन हे हिच्या जिभेवर आधीच असतात, श्लोक आणि अभंगांमुळे.

त्याच दिवशी आम्ही तिच्या एका वाक्यावर अर्धा तास घालवला. पेपरात होतं : 'मुझे मेरे दादाजी का अभिमान है।' मराठी वाक्य डोक्यात तयार होतं, 'मला माझ्या आजोबांचा अभिमान आहे', आणि शब्दाला शब्द ठेवला. हिंदीत ते होतं, 'मुझे अपने दादाजी पर गर्व है।' तीन ठिकाणी फरक आहे. कर्ता स्वतःच्याच गोष्टीबद्दल बोलत असेल तर हिंदीत मेरा-तेरा चालत नाही, अपना लागतं : 'मैं अपने घर गई', 'तुम अपनी किताब लो'. मराठीत आपण खुशाल 'मी माझ्या घरी गेले' म्हणतो, म्हणून ही चूक कानाला खटकत नाही. दुसरं, 'चा' ऐवजी 'पर'. तिसरं अभिमान आणि गर्व. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत गर्व सहसा चांगल्या अर्थानं येतो आणि अभिमानाला घमेंडीची छटा आहे. आजोबांसाठी गर्वच हवा.

आता शुद्धलेखन. 64 पैकी 26 खुणा याच्याच होत्या आणि जवळजवळ सगळ्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर. शक्ती, बुद्धी, कवी, भूमी, गुरू, वस्तू. मराठीत हे बरोबर आहे. 1962 पासूनच्या आपल्या नियमांप्रमाणे शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. हिंदीत मूळ संस्कृत रूप तसंच राहतं : शक्ति, बुद्धि, कवि, भूमि, गुरु, वस्तु. पण नदी, पृथ्वी, लक्ष्मी हिंदीतही दीर्घच. मग ओळखायचं कसं? त्याची परीक्षा मराठीतच आहे. शब्द समासात पुढे ठेवून बघायचा. शक्तिमान, बुद्धिमान, कविसंमेलन, भूमिपूजन, गुरुदक्षिणा : इथे मराठीही ऱ्हस्व लिहिते, म्हणून हिंदीत ऱ्हस्व. नदीकाठ, पृथ्वीतल, लक्ष्मीपूजन : इथे दीर्घ राहतो, म्हणून हिंदीत दीर्घ. हे सांगितल्यावर ती पाच मिनिटं एकेक शब्द जोडून बघत राहिली आणि मग आपणहून म्हणाली, "पण मंत्री? मंत्रिमंडळ होतं." बरोबर अडलं. मंत्री, प्राणी, पक्षी हे शब्द या परीक्षेत फसवतात. प्राणिसंग्रहालय आणि पक्षिनिरीक्षण ऱ्हस्व, पण हिंदीत सुटे शब्द प्राणी आणि पक्षी दीर्घच. मूळ संस्कृतात ते मंत्रिन्, प्राणिन् असे न् नं संपतात. विद्यार्थी आणि स्वामी त्याच घरातले. असे न् नं संपणारे शब्द वेगळे लक्षात ठेवायचे, बाकीच्यांना परीक्षा लावायची.

लिंगाच्या खुणा होत्या 19. मराठीतलं नपुंसकलिंग हिंदीत नाही, त्यामुळे घर आणि शहर पुल्लिंगी होतात, तर पुस्तक, दुकान, नाक स्त्रीलिंगी. काही शब्द सरळ उलटतात : आवाज, आत्मा, देह, मृत्यू, ऋतू, विजय हे आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. यांना समासासारखी युक्ती नाही. एकच उपाय मला उपयोगी पडलेला दिसतो : वहीत नाम कधीच सुटं लिहायचं नाही. मेरी आवाज़, मेरी आत्मा, वसंत की ऋतु, भारत की विजय. शब्द विशेषणासकट पाठ झाला की पेपरात क्रियापद आपोआप मागे येतं. रोज पाच, त्याहून जास्त नाही. जास्त केले की मुलं पुन्हा सुटे शब्द लिहू लागतात, हे वहीकडे पाहून लगेच कळतं.

शिकवणी लावली नाही. पाच रविवार झाले आणि फेब्रुवारीत शाळेनं सराव-परीक्षा घेतली. 80 पैकी 57. गद्यांशात पूर्ण गुण, शेवटच्या इकाराच्या खुणा 26 वरून 4. निबंध होता 'मेरा प्रिय त्योहार'. त्यात तिनं 'दिवाली की प्रतीक्षा' लिहिलं होतं, 'बहुत अच्छा' एकदाच आलं होतं.

पण एक नवी खूण तीनदा दिसली. 'उसने मिठाई लाया.' मराठीत 'त्याने मिठाई आणली', म्हणून ने. हिंदीत भूतकाळात सकर्मक क्रियापदांना ने लागतो खरा, 'उसने मिठाई खाई', पण लाना, बोलना, भूलना या क्रियापदांना तो लागत नाही : 'वह मिठाई लाया', 'वह झूठ बोली'. उलट मराठीत 'मी वाचलं' असं ने शिवाय म्हणतात, म्हणून 'मैंने पढ़ा' मधला ने तिच्याकडून सुटतो. वार्षिक परीक्षेला तीन आठवडे आहेत. पुढच्या रविवारी ती 'ने' लागणारी दहा आणि न लागणारी पाच वाक्यं लिहून आणणार आहे, आणि आम्ही तिथून सुरू करू.