शब्द गिऱ्हाइकाचेच हवेत

अगं,

तू गिऱ्हाइकांना पाठवलेली ईमेल दोनदा वाचली. 'आपला मौल्यवान अभिप्राय आमच्या नव्या वेबसाइटसाठी द्यावा ही नम्र विनंती.' 140 जणांना एकदम, तेही सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे. आलं काय? एक 'गुड सर्व्हिस' आणि एक अंगठा. आता विचारतेस, काका, चार-पाच अभिप्राय मीच लिहून टाकू का?

नाही. शब्द गिऱ्हाइकाचेच हवेत.

मी लिहिले होते. नौपाड्यात माझं रंगकामाचं दुकान होतं तेव्हा पत्रकावर एका जुन्या गिऱ्हाईक बाईंच्या नावाने 'अप्रतिम काम, वाजवी दर' छापलं. बाई खूश होत्याच, खोटं काही नव्हतं, असं मी आजही म्हणतो. पण त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "मी असं बोलते का हो कधी?" पुढच्या दिवाळीला त्यांचं घर दुसऱ्याने रंगवलं. असो.

तुझं काम वॉटरप्रूफिंगचं. एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडच्या गच्च्या केल्यास आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अभिप्राय मागितलास. लोकांनी सांगायचं तरी काय? 48 तास पाणी साठवून तू केलेली चाचणी त्यांच्या लेखी काहीच नाही. त्यांची चाचणी जुलै. गच्चीवाल्यांना ऑगस्टमध्ये विचार, बाथरूमवाल्यांना महिन्याभराने.

आणि 'अभिप्राय द्या' म्हणू नकोस. कोरा कागद पुढे केला की माणूस 'छान' लिहून मोकळा होतो. एकेकाला वेगळी ईमेल, त्याच्या कामाचं नाव घेऊन:

'नमस्कार काकू, मे महिन्यात आपल्या गच्चीचं काम केलं. यंदाच्या पावसात काय फरक जाणवला? काम देण्याआधी कसली धास्ती होती? दोन-तीन वाक्यांत, बोलता तसंच लिहा. ते आमच्या नव्या वेबसाइटवर टाकलं तर चालेल का? नाव पूर्ण देऊ, की आडनाव आणि परिसर एवढंच? नको असेल तर तसं कळवा, काहीच हरकत नाही.'

बस. पुढच्या कामात सूट देते वगैरे त्यात घालू नकोस. मग तो अभिप्राय विकत घेतलेला होतो. आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करून दे, दुसऱ्यांदा नाही. उत्तर लांबलं तर काप, शुद्धलेखन सुधार, पण कापलेला मजकूर त्यांना दाखवून होकार घे. 'थोडा उशीर झाला, पण गळती थांबली' असं कुणी लिहिलं तर तो उशीर खोडू नकोस. मला माहीत आहे तुझा हात शिवशिवेल. शब्द गिऱ्हाइकाचेच, किती वेळा सांगू?

त्या वर्तकनगरच्या आजी तुला फोनवर काय म्हणाल्या होत्या? "दोन पावसाळे पलंगाशेजारी बादली होती. यंदा माळ्यावर टाकली." तू हे मला हसत सांगितलंस आणि वेबसाइटवर मात्र 'दर्जेदार सेवा' टाकायला निघालीस! आजी ईमेल बघत नसतील तर नातवाच्या पत्त्यावर पाठव. त्यांना आधी विचार, आणि बादली वगळू नकोस.